गेन वाढवला तर झुलतं, कमी केला तरी वेळ तेवढाच: फिरत्या टेबलाचं काय करावं?

प्रश्न: आम्ही पॅकिंगच्या मशीनसाठी एक फिरतं टेबल केलं आहे. २४ व्होल्टची डीसी मोटर, गिअरबॉक्स आणि टेबलाच्याच शाफ्टवर एका फेऱ्यात ४००० काउंट देणारा एन्कोडर. कंट्रोलर अगदी साधा आहे: हवा तो कोन वजा खरा कोन, त्याला गेननं गुणायचं आणि तेवढे व्होल्ट मोटरला द्यायचे. गेन दर रेडियनला १०० व्होल्ट ठेवला की दोन अंशांच्या छोट्याशा स्टेपला टेबल जवळजवळ तीन अंशांपर्यंत जातं आणि दोन-तीनदा मागंपुढं झुलून थांबतं. गेन २० केला तर झुलणं पुष्कळ कमी होतं, पण जागेवर बसायला दोन्ही वेळा पाऊण सेकंदाच्या वरच लागतो. शिवाय टेबल सेकंदाला १ रेडियन वेगानं फिरत असताना आज्ञेच्या ०.०२ रेडियनपेक्षा जास्त मागं पडू नये अशी गिऱ्हाइकाची अट आहे, आणि ती १०० गेनलाच पाळली जाते. मोटरला थेट ६ व्होल्ट दिले तर टेबल सेकंदाला ३ रेडियनवर स्थिरावतं, त्या वेगाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला ०.१ सेकंद लागतो. कॉलेजातली वही काढून लीड कॉम्पेन्सेटर बसवून पाहिला. हिशेबानं फेज मार्जिन ६२ अंश यायला हवं होतं, सिम्युलेशनमध्ये ४९ च आलं. चुकतंय कुठं? (कुपवाड)

उत्तर: तुम्ही मोटरची चाचणी घेऊन दोन आकडे पाठवलेत, त्यामुळं नेमकं बोलता येईल. ६ व्होल्टला ३ रेडियन, म्हणजे व्होल्टमागं सेकंदाला अर्धा रेडियन. आणि ०.१ सेकंद हा मोटर-टेबलाचा टाइम कॉन्स्टंट. गेन १०० असताना तुमचं उघडं लूप असं दिसतं:

```
L(s) = 50 / ( s (1 + s/10) )
```

यातला ५० म्हणजे १०० गुणिले ०.५. हाच वेगाचा स्थिरांक. टेबल सेकंदाला १ रेडियननं फिरत असेल तर ते १/५० म्हणजे ०.०२ रेडियन मागं राहणार. गिऱ्हाइकाची अट बरोबर इथं बसते, म्हणून ५० हा आकडा आता हलवायचा नाही.

आधी पाऊण सेकंदाचं कोडं सोडवू, कारण लीड का लागतो हे त्यातूनच कळतं. लूप बंद केलं की त्याचं समीकरण `s² + 10s + 10Kv = 0` असं होतं. गेन कितीही फिरवा, तो शेवटच्या पदातच जातो. मधला १० जागचा हलत नाही. दोन पोलांची बेरीज कायम उणे १०, म्हणजे ते एकदा झुलणारे झाले की प्रत्येकाचा खरा भाग उणे ५ वर अडकतो. झुलणं किती लवकर विरणार हे त्या ५ वरून ठरतं: दोन टक्क्यांच्या आत यायला सुमारे ४ भागिले ५, म्हणजे ०.८ सेकंद. गेन १०० असो की २०, वेळ तोच. मोटरच्या बॅक इएमएफमधून आणि घर्षणातून मिळतो तेवढाच ब्रेक या टेबलाला आहे. गेन वाढवल्यानं टेबल लक्ष्याकडं जास्त जोरानं ओढलं जातं, ब्रेक मात्र वाढत नाही. १०० ला ओव्हरशूट सुमारे ४९ टक्के, २० ला सुमारे १६ टक्के. एवढाच काय तो फरक, आणि त्यासाठी तुम्ही मागं पडण्याची चूक पाचपट करून घेता.

आता हेच फेज मार्जिनच्या भाषेत. लूपचा गेन ज्या वारंवारतेला १ होतो ती क्रॉसओव्हरची वारंवारता. तिथं लूपमधून गेलेला सिग्नल जेवढा होता तेवढाच परत येतो. तो बरोबर १८० अंश मागं पडून आला तर लूप स्वतःलाच ढकलत राहील आणि टेबल कधीच थांबणार नाही. त्या १८० पासून आपण किती लांब आहोत, ते फेज मार्जिन. तुमच्या लूपचा गेन २१.३ रेडियन प्रति सेकंदाला १ होतो. तिथं इंटिग्रेटरचे ९० आणि मोटरचे ६४.८ मिळून १५४.८ अंश मागं पडतात. उरतात २५ अंश. टेबल तीन अंशांपर्यंत जातं ते यामुळं.

लीड कॉम्पेन्सेटर म्हणजे असा फिल्टर की ज्यात झिरो आधी आणि पोल नंतर येतो:

```
C(s) = (1 + s/z) / (1 + s/p),   p = αz
```

स्थिर सिग्नलला याचा गेन १, त्यामुळं तुमचा ५० तसाच राहतो. झिरोच्या पुढं मात्र तो चुकीच्या जोडीला चूक बदलण्याचा वेगही पाहू लागतो. चूक अजून उरलेली असते, पण ती झपाट्यानं कमी होतेय हे दिसताच हा फिल्टर मोटरला उलटे व्होल्टही देतो. थांबा यायच्या आधीच एसटीचा ड्रायव्हर वेग पाहून ब्रेकवर पाय ठेवतो, तसंच. मोटरजवळ नसलेला ब्रेक इथून येतो.

हा फिल्टर फेज पुढं आणतो, पण ठरावीक पट्ट्यातच. सगळ्यात जास्त फेज झिरो आणि पोल यांच्या भौमितिक मध्यावर, म्हणजे `√(z·p)` ला मिळते, आणि किती मिळते ते फक्त त्यांच्या गुणोत्तरावर, α वर, ठरतं:

```
sin φm = (α - 1) / (α + 1)
```

α ४ घेतला तर ३६.९ अंश, १० घेतला तर ५५, १६ घेतला तर ६२. तुम्ही बहुधा ४ घेतला, त्याचा मध्य जुन्या क्रॉसओव्हरवर, २१.३ वर बसवला आणि २५ मध्ये ३७ मिळवून ६२ काढलेत. चूक इथंच आहे, आणि वहीत ही पायरी बऱ्याचदा एका ओळीत उरकलेली असते.

लीड फेज देतो तसा गेनही वाढवतो. मध्यावर तो `√α` पट असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत २ पट, ६ डेसिबल. जुन्या क्रॉसओव्हरला गेन आधीच १ होता, तो आता २ झाला. म्हणजे क्रॉसओव्हर तिथं राहिलाच नाही, तो उजवीकडं सरकला. तुमच्या मांडणीत (झिरो १०.६, पोल ४२.५) तो ३६ वर जातो. तिथं मोटर आणखी मागं पडलेली असते आणि लीडचा माथा मागंच राहिलेला असतो. दोन्हीकडून मार खाऊन उरतात ४९ अंश. तुमचं सिम्युलेशन बरोबर आहे.

फेज हवी तर उताराची किंमत मोजावी लागते, यातून सुटका नाही. बेल लॅबमध्ये टेलिफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरवर काम करताना हेन्ड्रिक बोडे यांनी हाच संबंध गणितानं बांधून दाखवला. त्यांच्या १९४५ च्या पुस्तकात तो सविस्तर आहे. साध्या लूपमध्ये गेनचा उतार जेवढा तीव्र, तेवढी फेज मागं. लीड तो उतार क्रॉसओव्हरपाशी थोड्या पट्ट्यापुरता सौम्य करतो म्हणून फेज परत मिळते, आणि उतार सौम्य झाला की गेनची रेषा एकला उशिरा छेदणारच.

म्हणून मध्य जुन्या क्रॉसओव्हरवर न ठेवता नव्या क्रॉसओव्हरवर ठेवायचा. तो शोधणं सोपं आहे: लीड तिथं २ पट करणार हे ठाऊक आहे, तर आपल्या मूळ लूपचा गेन अर्धा कुठं होतो ते पाहायचं.

```
50 / ( ω √(1 + ω²/100) ) = 1/2   →   ω ≈ 30.8
```

तिथं मूळ लूपचं मार्जिन २५ नसतं, १८ अंशच असतं. त्यात पूर्ण ३६.९ मिळतात, कारण माथा आता बरोबर तिथंच आहे. एकूण ५४.८. झिरो ३०.८ भागिले २ म्हणजे १५.४, पोल ३०.८ गुणिले २ म्हणजे ६१.७:

```
C(s) = (1 + s/15.4) / (1 + s/61.7)
```

तोच α, तेवढाच नॉइज, तेवढेच व्होल्ट. केवळ जागा बदलल्यानं सहा अंश जास्त. डिझाइन करताना आधी ‘थोडे जास्तीचे ५ ते १० अंश धरा’ असं शिकवतात ते या सरकण्यासाठीच. पण मोटरचा पोल जवळ असेल तर ५ पुरतीलच असं नाही. वर केलं तसं एकदा गणित करून पाहिलेलं बरं. २५ चे १८ झाले, म्हणजे ७ अंश सरकण्यातच गेले.

बंद लूपचे पोल आता एक उणे १९.१ वर आणि एक जोडी उणे २६.३ वर (जोडीला ± ३०.४ काल्पनिक भाग) असे येतात. बेरीज पाहा: उणे ७१.७. आधी ती उणे १० होती आणि गेननं हलत नव्हती. लीडनं आणलेल्या पोलामुळं ६१.७ ची भर पडली. तुमचं टेबल आता ०.०९५ सेकंदाला पहिलं टोक गाठेल, ओव्हरशूट १६ टक्क्यांच्या आसपास राहील आणि सुमारे ०.१७ सेकंदात दोन टक्क्यांच्या आत येईल. २० गेनलाही ओव्हरशूट १६ टक्केच होतं. पण तिथं ०.८ सेकंद लागत होते आणि चूक ०.१ रेडियन होती. इथं चूक ०.०२ च आहे. ओव्हरशूट तेवढंच ठेवून टेबल साडेचारपटीहून जास्त लवकर बसतं.

आता या लीडची किंमत. वरच्या वारंवारतेला लीडचा गेन α पट, म्हणजे ४ पट होतो. स्टेप देताक्षणी कंट्रोलर रेडियनमागं १०० नाही, ४०० व्होल्ट मागतो. दोन अंश म्हणजे ०.०३५ रेडियन, त्याला १४ व्होल्ट लागतात; २४ मध्ये बसले. साडेतीन अंशांच्या पुढं मात्र ड्राइव्ह २४ वर अडकतो आणि वरचा सगळा हिशेब लागू पडायचा थांबतो. तुमचं टेबल मशीनवर ४५ अंशांनी फिरत असेल तर एका झटक्यात ४५ अंशांची आज्ञा देऊच नका: कंट्रोलर ३१४ व्होल्ट मागेल, मिळतील २४, आणि पूर्ण वेग पकडलेलं टेबल लक्ष्याजवळ आल्यावर ब्रेक लावायलाही तेवढेच २४ व्होल्ट हाती असतील. आज्ञाच हळूहळू वाढवा, म्हणजे ठरावीक प्रवेगानं वेग वाढवायचा, सेकंदाला ८ रेडियनवर नेऊन ठेवायचा आणि तसाच उतरवायचा. ८ रेडियनला मोटरला १६ व्होल्ट लागतात, वेग वाढवायला ८ शिल्लक राहतात. प्रवेग त्या ८ व्होल्टांना झेपेल एवढाच धरा.

दुसरी किंमत एन्कोडर वसूल करतो. ४००० काउंटमध्ये एक काउंट म्हणजे ०.०९ अंश. टेबल जागेवर उभं असतानाही तो एक काउंट मागंपुढं होत राहतो. लीड नसताना एका काउंटला ०.१६ व्होल्टचा धक्का बसायचा, आता ०.६ व्होल्टचा बसेल. गिअरबॉक्सवर हात ठेवला तर बारीक टकटक जाणवेल. हे चालण्यासारखं आहे. पण फेज आणखी हवी म्हणून α १६ केला, तर मार्जिन सुमारे २० अंशांनी वाढेल आणि धक्का अडीच व्होल्टांच्या घरात जाईल. मोटर उभ्या उभ्या तापेल. माझ्या मते तुमच्या टेबलाला ४ पुरे. त्याच्या वर जायचं असेल तर आधी जास्त काउंटचा एन्कोडर घ्या.

प्रश्न: लीड आणि पीडी हे एकच ना? मग आमच्या ड्राइव्हमध्ये पीडी तयार आहे, तोच लावला तर? (नाशिक)

उत्तर: जवळजवळ एकच. पोल खूप लांब नेला की लीडचा पीडी होतो. वरच्या उदाहरणात डेरिव्हेटिव्हचा वेळ १/१५.४ म्हणजे ०.०६५ सेकंद. पण शुद्ध पीडीचा गेन वारंवारतेबरोबर वाढतच जातो, आणि एन्कोडरचा एकेक काउंट त्यातून सुईसारखा टोचत बाहेर येतो. ड्राइव्हमधल्या पीडीत बहुतेक वेळा डेरिव्हेटिव्हला फिल्टर दिलेला असतो, म्हणजे तोही लीडच. त्या फिल्टरचा वेळ किती आहे ते मॅन्युअलमध्ये शोधा. तो डेरिव्हेटिव्हच्या वेळाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असला तर वरच्यासारखा लीड झाला.

यापेक्षा मोठा फरक पडतो तो डेरिव्हेटिव्ह कशावर लावलाय यानं, आणि पुष्कळ ड्राइव्हमध्ये त्याचा स्विच असतो: चुकीवर की फक्त एन्कोडरच्या मापावर. लूप आतून तेच राहतं, फेज मार्जिनही तेच. बदलतं ते आज्ञेकडून येणारं उत्तर.

कुपवाडच्या टेबलाचंच उदाहरण घेऊ. तोच लीड चुकीवरून काढून फीडबॅकच्या वाटेवर ठेवला तर स्टेपची आज्ञा लीडमधून जात नाही. सुरुवातीला ४०० च्या जागी १०० व्होल्टच मागितले जातात, म्हणजे २४ व्होल्टांना साडेतीनऐवजी जवळजवळ चौदा अंशांची स्टेप झेपते. ओव्हरशूट १६ टक्क्यांवरून शून्यावर येतं, कारण ते ओव्हरशूट मुख्यतः लीडच्या झिरोनं आणलेलं होतं. बसायला ०.१७ ऐवजी ०.२१ सेकंद लागतो. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाऊन थांबणाऱ्या टेबलाला याहून चांगला सौदा नाही.

पण चालत्या आज्ञेच्या मागं जायचं असेल तर हीच मांडणी अंगाशी येते. सेकंदाला १ रेडियनच्या आज्ञेला चूक ०.०२ वरून ०.०६९ रेडियन होते. कारण सरळ आहे: फीडबॅकमधला लीड टेबलाच्या वेगालाही माप म्हणून धरतो आणि टेबल प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा पुढं आहे असं समजून व्होल्ट कमी देतो. म्हणून तुमचं यंत्र थांबून काम करतं की फिरता फिरता, हे आधी ठरवा. कुपवाडच्या गिऱ्हाइकाची फिरतानाची अट आहे, त्यांनी लीड चुकीवरच ठेवावा आणि आज्ञा सावकाश वाढवावी. ओव्हरशूट तिथंही मग फारसं दिसणार नाही, कारण आज्ञेत झटकाच नसतो.

प्रश्न: हा लीड मायक्रोकंट्रोलरमध्ये कसा लिहायचा? माझा लूप १० मिलिसेकंदांनी फिरतो, पुरेल का? आणि लीड बसवल्यावर मोटरमधून एक बारीक गुंजनासारखा आवाज यायला लागला तर तो कशाचा? (पुणे)

उत्तर: लिहायला तीन ओळी लागतात. झिरो १५.४२ आणि पोल ६१.६८ धरून, १ मिलिसेकंदाच्या लूपसाठी टस्टिनच्या रीतीनं आकडे असे येतात:

```
v = 0.94017*v1 + 3.91025*e - 3.85042*e1;
v1 = v;  e1 = e;
volts = 100.0 * v;
```

`e` ही रेडियनमधली चूक, `e1` आणि `v1` आधीच्या फेरीच्या किमती. आकडे बरोबर उतरले का ते तपासायची सोपी खूण: ३.९१०२५ मधून ३.८५०४२ वजा केले तर १ मधून ०.९४०१७ वजा केल्यावर येतं तेवढंच आलं पाहिजे, ०.०५९८३. तसं नसेल तर स्थिर गेन १ राहिलेला नाही. आकडे एकाच दशांश स्थळावर आणले तर हे वजाबाकीचं गणित हमखास बिघडतं. चूक तिथं शोधा. `volts` ला २४ ची मर्यादा घाला, पण `v1` मध्ये मर्यादा न घातलेलीच किंमत ठेवा.

१० मिलिसेकंद मात्र पुरणार नाहीत. कंट्रोलरनं ठरवलेले व्होल्ट पुढच्या फेरीपर्यंत तसेच राहतात, तो सरासरी अर्ध्या फेरीचा उशीर. गणित करून पुढच्या फेरीला व्होल्ट द्यायचे असतील तर आणखी एक फेरी. मिळून दीड फेरी, १५ मिलिसेकंद. ३०.८ रेडियन प्रति सेकंदाला या उशिराची फेज साडेसव्वीस अंश होते. लीडनं दिलेल्या ३७ पैकी बहुतेक त्यातच गेले, मार्जिन पुन्हा २८ वर आलं आणि टेबल पूर्वीसारखं झुलू लागलं. लीडचे आकडे १० मिलिसेकंदांसाठी काटेकोर काढले तरी हा उशीर जात नाही. तोच लूप १ मिलिसेकंदाला फिरवला तर नुकसान पावणेतीन अंशांच्या आत राहतं. लीड लावून क्रॉसओव्हर उजवीकडं नेला की त्या प्रमाणात लूपही लवकर फिरवावा लागतो. उशिरामुळं गेलेली फेज α वाढवून भरून काढायला गेलात, तर क्रॉसओव्हर आणखी उजवीकडं जाईल आणि उशीर आणखी खाईल.

गुंजनाचं निदान कानानं आणि गेनच्या नॉबवर होतं. फेज मार्जिन कमी असल्यानं होणारं झुलणं मंद असतं. कुपवाडच्या टेबलाचं सेकंदाला साडेतीन वेळा, डोळ्यांनी मोजता येण्यासारखं. गेन बदलला की त्याची गती बदलते. तुम्ही म्हणता तो आवाज यांत्रिक अनुनादाचा असण्याची शक्यता मोठी आहे. शाफ्ट, कपलिंग किंवा टेबलाची चकती पिळवटून सुटते, आणि तिची स्वतःची वारंवारता असते. गेन कमी केला तर हा आवाज बारीक होईल किंवा अचानक बंद पडेल, पण त्याचा सूर फारसा बदलणार नाही. सूर तोच राहिला तर दोष यंत्राच्या अंगात आहे. कपलिंग बदलल्यावर किंवा टेबलावर वजन ठेवल्यावर सूर बदलला तर खात्रीच समजा.

लीड आल्यावरच तो का सुरू झाला, याचंही गणित आहे. समजा ४८ हर्ट्झला, म्हणजे ३०० रेडियन प्रति सेकंदाला, कपलिंगचा अनुनाद आहे आणि तो तिथला गेन ५० पट उंचावतो. कमी डॅम्पिंग असलेल्या धातूच्या जोडणीत एवढं होऊ शकतं. लीड नसताना लूपचा गेन त्या जागी ०.००५६ होता, ५० पट केला तरी ०.२८. एकच्या खाली, शांत. लीडनं तो जवळजवळ चौपट केला: ०.०२२, आणि ५० पटीनंतर १.१. त्या वारंवारतेला फेज प्रतिकूल असली की लूप स्वतःच गाऊ लागतं. उपाय तीन आहेत आणि मी याच क्रमानं करेन. कपलिंग आणि त्याचे स्क्रू आधी पाहा. सैल ग्रब स्क्रूमुळं अनुनादाची वारंवारता खाली येते. ते ठीक असेल तर α थोडा कमी करून मध्य पुन्हा नव्या क्रॉसओव्हरवर बसवा. ३ घेतला तरी ३० अंश मिळतात. त्यानंही भागलं नाही तर बरोबर त्याच वारंवारतेवर नॉच फिल्टर घाला, पण नॉचही आपल्या खालच्या बाजूला फेज मागं ओढतो, म्हणून तो घातल्यावर क्रॉसओव्हरला मार्जिन किती उरलं ते पुन्हा मोजा.